आजीच्या चालीत शेवटी पोटात कालवतं, तो राग कोणता?

प्रश्न: माझी आजी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहायची. ती कामं करताना एक चाल गुणगुणायची. शब्द फारसे आठवत नाहीत, कृष्णाचं काहीतरी होतं. मला स्वर कळत नाहीत, पण घरात तिची जुनी पेटी आहे. चाल उदास आहे, रडकी नाही. वर चढते तेव्हा साधी, जवळजवळ हसरी वाटते. खाली येताना मात्र शेवटी एक मोठी उडी येते आणि मग दोन सूर एकमेकांना चिकटून येतात, तिथे पोटात कालवतं. मधल्या ओळी संपल्या की बरं वाटतं, पण ध्रुवपद संपतं तिथे काहीतरी राहून गेल्यासारखं होतं. शेजारचे काका भैरवी म्हणतात, कीबोर्ड शिकणारा भाचा मायनर स्केल म्हणतो. नेमकं काय आहे?

उत्तर: माझा अंदाज पिलूचा आहे. चाल न ऐकता, नुसतं वर्णन वाचून सांगतेय, म्हणून अंदाजच म्हणते. पण तुम्ही वर्णन चांगलं केलंय, आणि तुमच्याकडे पेटी आहे. त्यामुळे हा अंदाज तुम्हाला घरी बसून तपासता येईल. मी ग्वाल्हेरातच गाणं आणि पेटी शिकवते. अशा 'आमच्या घरातल्या' चाली घेऊन लोक वरचेवर येतात, आणि गाडी बहुतेक वेळा तुमची अडलीय तिथेच अडते.

आधी 'उदास' हा शब्द बाजूला ठेवू. त्याचा राग ओळखायला फारसा उपयोग नाही. मालकंस, दरबारी, शिवरंजनी, जोगिया, अगदी सावकाश गायलेला यमनसुद्धा कुणाला ना कुणाला उदास वाटतो. उलट ज्या पिलूचं नाव मी घेतलं, त्यात होरी आणि छेडछाडीचे दादरे भरपूर आहेत आणि ते ऐकून कुणी डोळे पुसत नाही. लय, आवाज, शब्द, कोण गात होतं, यावर ते फार अवलंबून असतं. कामाचं आहे ते तुमचं दुसरं वाक्य: मोठी उडी, आणि मग दोन चिकटलेले सूर. हे मोजता येतं.

पेटीवर दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी ती पांढरी १; तिथून उजवीकडे पांढऱ्या आणि काळ्या वेगवेगळ्या मोजायच्या. मधल्या सप्तकातली पांढरी ५ दाबा. ध्रुवपदाचा अगदी शेवटचा सूर या पट्टीवर आणून गुणगुणा. जमलं की तिथून उलटं मागे जा: शेवटच्या आधीचा सूर कोणता, त्याच्या आधीचा कोणता. तुमचं वर्णन बरोबर असेल तर शेवटच्या आधीचा सूर काळी ४ वर सापडेल, म्हणजे पांढरी ५ ला लागूनच. ते तुमचे चिकटलेले दोन सूर. आता उडी कुठून येते ते पाहा. पांढरी ७ वरून येत असेल, तर पांढरी ७ आणि काळी ४ यांच्यामध्ये दोन पट्ट्या मोकळ्या सुटतात, पांढरी ६ आणि काळी ५. या दोन सुटलेल्या पट्ट्यांवर पुढचं सगळं उभं आहे, म्हणून इथे घाई करू नका. उडीच्या मधे तुमचा गळा कुठे टेकतोय का, हे सावकाश गाऊन बघा. नुसती मींड असेल तर गळा सरकत जाईल, पण थांबणार नाही.

एकच पट्टी सुटली, म्हणजे उडी काळी ५ वरून आली, तर ती खरं तर उडीच नाही. मग काकांची भैरवी विचारात घ्यावी लागेल, कारण भैरवीत खाली येताना कोमल गंधार, कोमल रिषभ, षड्ज असंच अंतर पडतं. तीन पट्ट्या सुटल्या, म्हणजे सूर वरच्या पांढरी १ वरून थेट काळी ४ वर आला, तर जोगियाकडे बघा. तिथे मध्यमावरून एकदम कोमल रिषभावर येतात आणि तो तुकडा काळजाला घरं पाडणारा असतो. तुम्ही 'मोठी उडी' म्हणालात, 'फार मोठी' नाही. शिवाय जोगिया वर चढतानाही हसरा वाटत नाही. म्हणून मी दोन पट्ट्या धरून पुढे जाते.

इथवर आपल्या हातात आहे: पांढरी ७, काळी ४, पांढरी ५. यावरून नाव सांगता येतं का? नाही, कारण षड्ज, म्हणजे सा, कुठला हे अजून ठरलेलं नाही.

गाणं न शिकलेला माणूस (आणि बरेच शिकणारेही) चाल जिथे संपते तो सूर म्हणजे सा असं धरून चालतो. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. तसं धरलं तर पांढरी ५ हा सा, काळी ४ हा कोमल रे, पांढरी ७ हा शुद्ध ग. वरचे सूर तपासताना पांढरी १ म्हणजे शुद्ध म, पांढरी २ म्हणजे प, काळी २ म्हणजे कोमल ध आणि पांढरी ४ म्हणजे कोमल नी निघाले, तर ते सूर बसंत मुखारीचे होतात. खाली भैरव, वर भैरवी असा तो राग. छान, गंभीर, थोडा परका वाटणारा.

आता याच पट्ट्या, एकही न बदलता, पांढरी १ ला सा धरून मोजा. पांढरी २ शुद्ध रे, काळी २ कोमल ग, पांढरी ४ शुद्ध म, पांढरी ५ प, काळी ४ कोमल ध, पांढरी ७ शुद्ध नी. झाली किरवाणी. आणि तुमची 'उडी आणि चिकटलेले सूर' म्हणजे नी, ध, प. चाल सा वर संपतच नाही, पंचमावर येऊन थांबते.

म्हणजे सातही सूर तेच, पट्ट्या त्याच, राग मात्र दोन. घर कुठलं यावर सगळं ठरतं. कानाला कोणता सूर लागला हे सांगणारी बरीच माणसं भेटतात, पण तो सूर कुणाच्या आधाराने लागला हे विचारणारी कमी, आणि वर्णनावरून राग ओळखताना नेमकं तेच विचारावं लागतं.

घर शोधायला तंबोरा लागतो, पण पेटीवर भागेल. डाव्या हाताने भाता, उजव्याने आधी पांढरी १ आणि पांढरी ५ दाबून धरा आणि पूर्ण चाल म्हणा. मग पांढरी ५ आणि वरची पांढरी २ धरून पुन्हा म्हणा. (दोन पट्ट्या आणि भाता यांतच दोन्ही हात गुंतले, म्हणजे वाजवायचा मोह होत नाही. हे चांगलंच आहे.) मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप असेल तर सा ची पट्टी एकदा पांढरी १, एकदा पांढरी ५ ठेवा. कोणत्या वेळी चाल घरात बसल्यासारखी वाटते, ते बघा.

यात एक खोच आहे. पांढरी ५ दोन्ही वेळा वाजतच असते, एकदा सा म्हणून, एकदा प म्हणून. त्यामुळे ध्रुवपदाचा शेवट दोन्हीकडे जुळल्यासारखा वाटतो आणि माणूस गोंधळतो. म्हणून शेवटाकडे लक्ष देऊच नका. मधल्या ओळी कुठे संपतात ते ऐका. त्या पांढरी १ वर संपत असतील, तर पहिल्या आधारावर त्या विरघळून जातील. दुसऱ्या आधारावर तोच सूर मध्यम होतो आणि टेकल्यासारखा न वाटता पुढे जायला बघतो.

तुम्ही पेटी न लावताच याचं उत्तर निम्मं देऊन ठेवलंय. मधल्या ओळी संपल्या की बरं वाटतं, ध्रुवपद संपलं की काहीतरी राहून जातं, हे तुमचंच वाक्य आहे. सा वर संपणारी चाल सहसा राहून गेल्यासारखी वाटत नाही, पंचमावर थांबलेली वाटते. मागे माझ्या एका विद्यार्थिनीच्या सासूबाई अशीच एक चाल म्हणून दाखवत होत्या. मधल्या ओळीच्या शेवटी त्या सावकाश श्वास घ्यायच्या, मांडीवर थाप देणारा हात थांबायचा. ध्रुवपदाच्या शेवटी मात्र श्वास न घेता पुन्हा पहिल्या शब्दावर जायच्या. त्यांना स्वरांची नावं येत नव्हती, पण घर कुठे आहे ते श्वासाला माहीत होतं. तुम्ही आजीची चाल म्हणताना स्वतःचा श्वास कुठे पडतो ते पाहा. तो पुरावा पेटीइतकाच पक्का असतो.

तर सा पांढरी १ वर, आणि शेवट पंचमावर. बसंत मुखारी इथे गळतो. भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर ठरतं. तो नुसतं मायनर म्हणतो, पण साध्या, म्हणजे नॅचरल मायनरमध्ये नी कोमल असतो. तिथे खाली येताना नी, ध, प या सुरांत ती उडी पडत नाही, एकच पट्टी सुटते. उडी हवी तर हार्मोनिक मायनर हवा, शुद्ध नी आणि कोमल ध असलेला. त्याचे आणि किरवाणीचे सूर सारखेच. त्याला कीबोर्डवर ए हार्मोनिक मायनर वाजवायला सांगा आणि तीच उडी दाखवायला सांगा. ती त्याला लगेच सापडेल, फक्त पट्टी वेगळी असेल.

गंमत अशी की आपल्याकडच्या शाळेत शिकलेला माणूस इथे अडखळतो. ग्वाल्हेरात १९१८ साली माधव संगीत विद्यालय निघालं ते भातखंड्यांच्या पद्धतीवर, आणि इथली आम्ही बहुतेक मंडळी दहा थाटांतूनच, म्हणजे रागांची वर्गवारी करणाऱ्या सात-सात सुरांच्या दहा साच्यांतूनच, वाढलो. सूर हातात आले की थाट शोधायचा, थाट मिळाला की राग. पण कोमल ग, कोमल ध आणि शुद्ध नी, बाकी सगळे शुद्ध, असा थाट त्या दहांत नाहीच. आसावरीत नी कोमल, काफीत ध शुद्ध, तोडीत रे कोमल आणि म तीव्र. कर्नाटक पद्धतीच्या बहात्तर मेळांत मात्र त्याला स्वतःची जागा आहे, एकविसावा मेळ, कीरवाणी. आपल्याकडची किरवाणी तिथूनच आली, आणि वादकांनी ती जास्त उचलली. त्यामुळे कुणी दहा थाटांची यादी घेऊन तुमची चाल तपासली आणि 'बसत नाही' म्हणाला, तर चाल चुकीची समजू नका.

मग मी किरवाणी न म्हणता पिलू का म्हणतेय? दोन कारणं आहेत.

पहिलं आजीचं. ग्वाल्हेरच्या मराठी घरात कामं करताना कृष्णाचं काही गुणगुणणाऱ्या बाईच्या कानावर काय पडत असेल? देवळातली भजनं, होळीच्या दिवसांतल्या होऱ्या, रेडिओवरच्या ठुमऱ्या आणि दादरे, हळदीकुंकवातली गाणी. या सगळ्यात पिलू पावलोपावली सापडतो. किरवाणी त्या वाटेने घरात येण्याची शक्यता कमी. हा पुरावा नाही, पण दोन सारख्या शक्यता समोर असतील तर मी घराकडे बघून झुकतं माप देते.

दुसरं कारण जास्त वजनाचं, आणि ते तुम्हीच दिलंय: चाल वर चढताना साधी, हसरी वाटते. किरवाणी आपले सात सूर सोडत नाही. चढताना तोच कोमल ग, तोच कोमल ध. तिचा रंग वर-खाली फारसा बदलत नाही. पिलू तसा नाही. पुस्तकात तो काफी थाटात घातलाय, पण ती सोय आहे. गाताना त्यात बाराही सूर येऊन जातात. ढोबळमानाने चढताना शुद्ध सूर येतात, उतरताना कोमल. खाली मंद्रात षड्जाभोवती तो किरवाणीसारखाच फिरतो, सा, नी, कोमल ध, प असा उतरतो, आणि कोमल गंधारावरून रिषभाला स्पर्श करून सा वर येतो. पण अंतऱ्यात वर निघाला की शुद्ध गंधार डोकावतो, शुद्ध धैवत येतो, त्याच्या जोडीला कोमल निषादही येतो. जरा वेळ वाटतं ऊन पडलं. मग परत फिरताना कोमल गंधार लागतो. तुमचं पोट जिथे कालवतं तिथे एकटी ती उडी नसावी. थोड्या वेळापूर्वी शुद्ध ऐकलेलं आता कोमल होऊन परत आलं, याचाही त्यात वाटा असणार.

हे तपासायला तुम्हाला दोनच पट्ट्या शोधायच्या आहेत. सा पांढरी १ धरून, चाल वर चढते त्या भागात पांढरी ३ लागते का? हा शुद्ध गंधार. उतरताना त्याच्या जागी काळी २ लागते का? दोन्ही सापडल्या तर पिलूच्या बाजूने कौल गेला. दुसरी जागा पांढरी ६, म्हणजे शुद्ध धैवत. ध्रुवपदाच्या शेवटी काळी ४ आहे हे आपण पाहिलंच आहे. अंतऱ्यात कुठे पांढरी ६ आली, तर एकाच चालीत दोन्ही धैवत झाले. तेव्हा किरवाणीचा विचार सोडून द्या. दोन्ही जागी फक्त काळ्याच पट्ट्या लागल्या, चढतानाही आणि उतरतानाही, तर मात्र माझा अंदाज चुकला आणि किरवाणी खरी.

शोधताना दोन ठिकाणी फसाल. आठवणीतून गाताना पट्टी हळूहळू घसरते. ध्रुवपदापासून अंतऱ्यापर्यंत अर्धा सूर खाली येणं सहज होतं, आणि मग शुद्ध गंधार कोमलच्या पट्टीवर जुळतो. म्हणून प्रत्येक ओळीआधी पांढरी १ दाबून घ्या, आणि ओळ संपल्यावर पुन्हा दाबून बघा, तुम्ही अजून तिथेच आहात का. दुसरी जागा निषादाची. थकलेल्या किंवा वयस्कर आवाजात शुद्ध निषाद उतरताना थोडा खाली लागतो, आणि आपण तसाच तो आठवणीत धरतो. मग तो पांढरी ७ आणि काळी ५ यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो आणि उडी लहान वाटायला लागते. अशा वेळी उतरतानाचा निषाद सोडा आणि चालीत निषादावरून सा वर चढायची जागा शोधा. तिथे तो सा ला लागूनच येत असेल तर तो शुद्धच. आणि पेटीची पट्टी जशी आहे तसाच गळ्यातला कोमल धैवत लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. जवळची पट्टी कोणती, एवढंच बघायचं.

काकांबद्दल एक शब्द. उदास, ओळखीची, भजनासारखी चाल ऐकली की भैरवी म्हणायची आपल्याकडे सवय आहे, कारण मैफलीच्या शेवटी तीच ऐकून आपण घरी जातो. भैरवीही गाताना बाराही सूर घेते, त्यामुळे त्यांच्या कानाला साम्य जाणवलं असेल तर ते अगदीच हवेतलं नाही. पण पिलूत षड्जाजवळचा रिषभ शुद्ध असतो, पांढरी २, आणि ग वरून सा वर येताना तो स्वच्छ ऐकू येतो. भैरवीत त्या जागी मुख्यतः कोमल रिषभ हवा, म्हणजे काळी १. काकांना शेजारी बसवून हा एकच तुकडा वाजवा, काळी २, पांढरी २, पांढरी १, आणि आजी असंच म्हणायची का ते तुम्ही ठरवा.

अंतरा मुळीच आठवत नसेल तर पंचाईत आहे. नुसत्या ध्रुवपदावरून, ते सा च्या आसपासच फिरत असेल तर, पिलू आणि किरवाणी वेगळे करता येत नाहीत. मलाही नाहीत आणि माझ्याहून जाणत्यांनाही नाहीत. तेव्हा 'पिलू अंगाची चाल, शेवट पंचमावर' एवढं लिहून ठेवा, आणि आजीच्या वयाचं नात्यात कुणी असेल तर त्यांना ध्रुवपद म्हणून दाखवा. शब्द विचारू नका, नुसती चाल म्हणा. पुढची ओळ बऱ्याचदा त्यांच्या तोंडून आपोआप येते, आणि तुम्हाला त्या ओळीतला एक गंधारच हवा आहे.